सुट्ट्या जोडणारे भाऊसाहेब

नवीन कॅलेंडर भिंतीवर टांगलं की लोक संकष्टी बघतात, संक्रांत बघतात. संग्रामपूरचे आमचे भाऊसाहेब बघतात ते लाल आकड्यांचं शेजारपण. असा एक भाऊसाहेब प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत असतोच. वर्षाच्या आठ नैमित्तिक रजा तो अशा पेरतो की पीक वीस दिवसांचं येतं. कारण मात्र नोकरीला लागल्यापासून एकच : ‘घरगुती कारणास्तव’. याच दोन शब्दांवर आमच्या भाऊसाहेबांनी वारी हनुमान केलं, शेगाव केलं, साळ्याचं जावळही उरकलं.

२०२५ साली पुतण्याचं लग्न निघालं, आणि तेही न्यू जर्सीतल्या एडिसनला. तारीख शनिवार, २४ मे. भाऊसाहेबांनी सवयीनं तेच दोन शब्द लिहिले आणि अर्ज साहेबांपुढं सरकवला. साहेबांनी तो चष्म्यावरून वाचला.

“भाऊसाहेब, अमेरिका घरगुती कधीपासून झाली?”

“पुतण्याचं लगन हाय ना साहेब.”

“मग ते लिहा. कोणाचं, कुठं, कोणत्या तारखेला. परदेशी जायची परवानगी वेगळी मागावी लागते, ती वर जाईल. ती हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. अन् तुमचं टेबल कोण बघणार?”

शेवटचा प्रश्न भाऊसाहेबांना कुणी कधी विचारलाच नव्हता.

तारखांचं गणित त्यांना चहाच्या अर्ध्या कपात सुटलं. अर्जित रजा सोमवार १९ मे ते शुक्रवार ३० मे, दिवस बारा. मधले शनिवार-रविवार रजेतच मोजले जातात, तिथं नियमापुढं इलाज नाही. पण आधीचे १७ आणि १८ मे, नंतरचे ३१ मे आणि १ जून, हे चार दिवस परवानगीनं पुढं-मागं जोडता येतात. खात्यातून गेले बारा, हाती आले सोळा, हजर होणार सोमवारी २ जूनला. सोबत मुख्यालय सोडण्याची परवानगी मागितली. ‘रजा कालावधीतील पत्ता’ या रकान्यात त्यांनी लिहिलं : मु. एडिसन, पो. न्यू जर्सी, ता. जि. अमेरिका.

गाडी टेबलापाशी अडली. भाऊसाहेबांचं टेबल दाखल्यांचं. मे महिन्यात बारावीचा निकाल, पाठोपाठ दहावीचा. तो त्या वर्षी १३ मेला लागला. निकाल लागला की पातुर्डा, सोनाळा, टुनकी, वरवट बकाल, सगळीकडून पोरं आणि त्यांचे बाप उत्पन्नाच्या दाखल्यासाठी येतात. तो द्यायची मुदत पंधरा दिवस. म्हणजे १३ तारखेला आलेला अर्ज २८ तारखेपर्यंत निघाला पाहिजे, आणि २८ला भाऊसाहेब मांडव परतणीच्या जेवणावर.

त्यांनी उपाय काढला. शेजारच्या टेबलावरच्या पोराला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्यायचा, संपलं.

“अस्सं,” साहेब म्हणाले. “तुम्ही अमेरिकेत, अन् तुमच्या नावानं संग्रामपुरात अर्ज तपासले जाणार. उद्या चौकशी लागली तर तुम्ही लग्नात नव्हता की कचेरीत नव्हता?”

भाऊसाहेब गप्प. मग रीतसर झालं : त्या पोराला त्याच्याच नावानं लॉगिन, त्याच्या नावे कार्यभाराचा लेखी आदेश, आणि प्रलंबित अर्जांची यादी.

ही यादी भाऊसाहेबांनी तीनदा केली. पहिली नावांच्या अकारविल्हे. दिसायला सुरेख, पण कामाला शून्य, कारण ‘अ’वाल्याची मुदत जूनमध्ये आणि ‘ह’वाल्याची उद्या. दुसरी गाववार केली. तिच्यात सोनाळ्याचे सोळा अर्ज एका जागी दिसत, पण त्यांतला आधी कोणता मरणार ते कळेना. तिसरी मुदत संपण्याच्या तारखेप्रमाणे लावली आणि प्रत्येक अर्जापुढं काय अडलंय ते लिहिलं : तलाठ्याचा अहवाल बाकी, शिधापत्रिकेवर नाव वेगळं, बापाची सही नाही. १९ मेच्या आत मुदत संपणारे अर्ज त्यांनी स्वतः निकाली काढून खोडले. उरलेली यादी पोराला ओळ न् ओळ समजावली, दोघांनी सह्या केल्या, एक प्रत साहेबांकडं गेली. माझं स्पष्ट मत आहे की त्यांच्या उभ्या नोकरीतला हा सर्वांत उत्तम कागद, आणि तो त्यांनी काम टाळायला लिहिला!

मंजुरी आली. १७ला त्यांनी शेगावहून विदर्भ एक्सप्रेस धरली. जाताना पोराला बजावलं, “काही अडलं तर मले फोन कर, लाजू नको बाप्पा.”

पोरगं लाजलं नाही. सकाळी अकराला संग्रामपुरातून फोन लावला की एडिसनमध्ये रात्रीचा दीड. लग्नाच्या दोन रात्री आधी सगळं वऱ्हाड झोपलेलं असताना अंथरुणातून आवाज आला, “शिधापत्रिकेवर नाव येगळं असंल त प्रतिज्ञापत्र घे ना त्याचं. यादीत लिवलं हाय ते. वाचत नाय काय लेका?”

पुतण्या शेजारच्या खोलीतून ओरडला, “काका, कोण आहे?”

“ऑफिस हाय,” भाऊसाहेब म्हणाले. “घरगुती कारण.”