गोल्टी, बदला आणि साभार परत

आळेफाट्याच्या बाजारात कांद्याची पिशवी आली की व्यापारी तिच्या तोंडाकडे फारसं बघत नाही. तोंडाला गोळा आणि बुडाला गोल्टी भरायची विद्या जुन्नर-आंबेगावात कुणाला शिकवावी लागत नाही, आणि व्यापारीही इथलाच असतो. तो पिशवी ओतायला लावतो.

घोडेगावकडचे आमचे गुरुजी या विद्येतले जुने जाणकार. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून शेती आणि कविता अशी दोन पिकं घेतात. कांदा निवडायला बसले की गोळा, सुपर, गोल्टी, बदला असे चार ढीग लावतात, आणि एका ढिगातला कांदा दुसऱ्यात गेलेला दिसला तर बायकामाणसांवर ओरडतात. मात्र मासिकाला कविता पाठवायची वेळ आली की हेच गुरुजी ४२ कवितांची एकच पिशवी शिवून मोकळे होतात. वर तोंडाला बदला!

त्यांनी एका त्रैमासिकाला पाठवायला केलेली पीडीएफ मी पाहिली. पहिली कविता ‘आई’. दुसरी पाऊस. तिसरी शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी रचलेली. चौथीत पुन्हा पाऊस, या खेपेला प्रेयसीसह. उसातल्या बिबट्यावर एक बरी कविता एकविसावी होती. आणि अडतिसावी होती ‘बुडीत’. तालुक्याला नाव दिलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, कचेरी घोडेगावात चालते, आणि गुरुजींचे वडील मरेपर्यंत आपला पत्ता बुडालेल्या गावाचाच सांगत राहिले, एवढंच त्या कवितेत आहे. पाणी किंवा अश्रू हा शब्द एकदाही नाही. वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. पण संपादक अडतिसाव्या कवितेपर्यंत पोचणार कसा? त्याच्याकडे अशा पिशव्यांची थप्पी असते. तीन कविता बघून तो मालाचा अंदाज घेतो.

“गुरुजी, पाच पाठवा,” मी म्हणालो.

“आणि बाकीच्यांचं काय? त्या काय रानात टाकू?”

निवडीला संध्याकाळ गेली. ज्या कविता फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या काव्यसमूहांवर फिरून आल्या होत्या त्या आधी बाजूला काढल्या, कारण बरीच नियतकालिकं त्यांना प्रसिद्ध झालेल्याच समजतात. त्यात अकरा गेल्या, आणि अकराही सन्मानपत्रप्राप्त होत्या. मग प्रसंगाच्या गेल्या: जयंती, पुण्यतिथी, मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ. पावसाच्या सातांतून एक ठेवायची म्हटल्यावर गुरुजींचा चेहरा वाटणीला बसलेल्या भावासारखा झाला. शेवटी ‘बुडीत’ पहिली, बिबट्या दुसरा, आणि त्यांच्या शेजारी बसून लाजणार नाहीत अशा आणखी तीन. पाचही कविता एकाच माणसाच्या वाटाव्यात आणि तरी एकच कविता पाचदा वाचली असं होऊ नये, एवढाच हिशेब. ‘आई’ बाहेर राहिली. त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत असं वहिनी सांगतात.

पीडीएफही रद्द केली. तिला चारी बाजूंनी गुलाबाची वेल होती. छपाईसाठी त्यातला मजकूर उचलायला गेलं की पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून युनिकोडमधली साधी वर्ड फाइल करायची आणि प्रत्येक कविता नव्या पानावर घ्यायची. एखादी कविता दोन पानांवर गेली तर पान संपतं तिथे कडवंही संपलं की नाही, हे कंसात लिहायचं. नाहीतर तुम्ही न ठेवलेली मोकळी ओळ छापील अंकात येते आणि समीक्षकाला तिथे ‘अर्थगर्भ मौन’ सापडतं.

मग आलं पत्र. चाळीस वर्षांच्या सरकारी नोकरीने गुरुजींच्या हाताला एकच वळण लावलेलं. ‘विषय: कविता प्रसिद्ध होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की...’ खाली दोन पानं आयुष्य, अकरा सन्मानपत्रांची जंत्री, एका माजी सभापतींचा अभिप्राय आणि ‘तरी मे. साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा’. वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस वैद्यकीय रजा मागतोय.

ते खोडून एवढंच ठेवलं: ‘स. न. वि. वि. सोबत पाच कविता पाठवत आहे. शीर्षकं खाली दिली आहेत. त्या कुठेही प्रसिद्ध झालेल्या नाहीत आणि सध्या अन्यत्र पाठवलेल्या नाहीत. आपल्या गेल्या अंकातल्या धरणग्रस्तांवरच्या कविता वाचून या पाठवाव्याशा वाटल्या.’ खाली नाव, टपालाचा पत्ता, फोन आणि दोन ओळींचा परिचय. शेवटच्या वाक्यासाठी गेला अंक खरोखर वाचावा लागला, आणि गुरुजींना हीच अट सगळ्यात जाचक वाटली. “मी लिहिणारा माणूस आहे,” ते म्हणाले.

त्यानंतर शांतता. पूर्वी नकाराला निदान आकार होता. आपणच तिकीट लावून, आपलाच पत्ता घालून दिलेलं पाकीट ‘साभार परत’ होऊन यायचं, आणि पोस्टमनमुळे गावभर कळायचं. ‘सत्यकथे’च्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून लेखन पुन्हा पुन्हा करून घेत. आता बहुधा उत्तरच येत नाही. त्रैमासिक असेल तर तीन-चार महिने थांबावं, मग एका ओळीची आठवण करावी, तरीही सामसूम राहिली तर मागे घेत असल्याचं कळवून कविता दुसरीकडे पाठवाव्यात. रात्री दहाला संपादकांना फोन करून ‘माझी बुडीत पोचली का’ असं विचारू नये. गुरुजींनी विचारलं. पलीकडच्याला वाटलं, पतसंस्थेचा वसुलीवाला आहे.

तिसऱ्या महिन्यात निदान तयार झालं: कंपू. पुण्या-मुंबईचे लोक एकमेकांच्याच कविता छापतात, आपल्याकडचा फक्त कांदा खातात. हे निदान अगदीच खोटं नाही. याच रागातून राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी १९६९मध्ये ‘सत्यकथे’चा अंक जाळला. पण त्या पिढीने आपली अनियतकालिकंही काढली, पदरमोड करून चालवली, आणि अरुण कोलटकर, नामदेव ढसाळ त्या वर्तुळात होते. गुरुजींच्या बंडखोर पिशवीत अजून तरी पावसाच्या सात कविता आहेत. शिवाय ई-मेल जाळता येत नाही. मोबाइल जाळावा, तर हप्ते बाकी.

आठवणीच्या ओळीनंतर आठवड्याने उत्तर आलं. ‘बुडीत घेत आहोत. इतर चार या खेपेस नाहीत. आणखी कविता जरूर पाठवा.’

मला ही दिवाळीच वाटली. ‘सध्या साहित्य भरपूर आहे’ हे वाक्य सगळ्यांना जातं, त्यात अर्थ शोधू नये. ‘आणखी पाठवा’ मात्र संपादक सहसा उगाच लिहीत नाही, कारण ते आणखी त्यालाच वाचावं लागतं. ‘बुडीत’ छापून आली की दोन महिने जाऊ द्यायचे, मग ‘बुडीत’च्या तोलाच्या तीन-चार नव्या कविता या पत्राचा उल्लेख करून पाठवायच्या. मी हे सगळं गुरुजींना समजावून सांगत होतो. ते हिशेब करत होते.

“पाचातून एक. म्हणजे वीस टक्के निकाल. माझ्या शाळेचा असा लागला असता तर वेतनवाढ रोखली असती.” मग पत्र पुन्हा वाचून त्यांचा चेहरा उजळला. “पण आणखी मागवल्यात!”

त्याच रात्री उरलेल्या ३७ गेल्या. पहिली ‘आई’. विषय: उर्वरित कविता प्रसिद्ध होणेबाबत.