थांबाल तर वाचाल

आखातातल्या एखाद्या भारतीय शाळेचं स्नेहसंमेलन ठरलं आणि मराठी घरातल्या मुलाकडे अरबीतलं स्वागत आलं, की सारं घर ते भाषण पल्लेदार करायला बसतं. पहिली चूक इथेच होते. प्रमाण अरबीत, म्हणजे फ़ुस्हात, नामाच्या शेवटचा स्वर त्याच्या वाक्यातल्या कामाप्रमाणे बदलतो. शाळा कर्ता असेल तर ‘अल्-मद्रसतु’, कर्म असेल तर ‘अल्-मद्रसत’, आणि ‘फ़ी’सारख्या अव्ययानंतर आली तर ‘अल्-मद्रसति’. वाक्य जितकं लांब तितके असे शेवट जास्त, आणि प्रत्येक शेवट म्हणजे पहिल्या रांगेत बसलेल्या अरबीच्या शिक्षकांची भुवई वर जाण्याची संधी. सुदैवाने पळवाटही व्याकरणानेच ठेवली आहे. वक्ता जिथे थांबतो तिथे शेवटचा ऱ्हस्व स्वर गळतो आणि या ‘त’चा ‘ह’ होतो. म्हणजे वरच्या तिन्ही शाळांची मिळून एकच ‘अल्-मद्रसह’ उरते. अरबांमध्ये यावर दोन शब्दांचा सल्लाच रूढ आहे: ‘सक्किन, तस्लम’. शेवट हलन्त कर, सुखरूप राहशील. तेव्हा आधी कुठे थांबायचं ते ठरवावं आणि मग मधल्या जागेत काय म्हणायचं त्याचा विचार करावा.

या पद्धतीने पुढील भाषण सिद्ध होतं: ‘अस्सलामु अलैकुम. अय्युहल्-हुदूरुल्-किराम, अह्लन् व सह्लन् बिकुम. नह्नु तुल्लाबु हाज़िहिल्-मद्रसह. नुरह्हिबु बिकुम. अल्-अग़ानी जमीलह. शुक्रन् लकुम.’ मान्यवर उपस्थितहो, सुस्वागतम्, आम्ही या शाळेचे विद्यार्थी, तुमचं स्वागत करतो, गाणी सुंदर आहेत, आभार. ‘आहे’ हे क्रियापद अरबीत वर्तमानकाळी लागतच नाही, त्यामुळे निम्मं काम न करताच झालं. ‘बिकुम’ आणि ‘लकुम’ मुळातच हलन्त आहेत, म्हणून वाक्यं त्यांच्यावर टेकवली. ‘अग़ानी’चा शेवटचा दीर्घ ‘ई’ कर्तेपणाचा स्वर गिळून टाकतो. सलाम-स्वागताची तयार सूत्रं सोडली, तर नामांचे शेवट पाठ करायचे उरले दोनच: ‘हुदूरु’ आणि ‘तुल्लाबु’. गाणी अनेक असून ‘जमीलह’ हे स्त्रीलिंगी एकवचन कसं, अशी शंका मराठी पालक हमखास काढतील. माणसं सोडून इतर कोणत्याही गोष्टींचं अनेकवचन अरबी एका बाईसारखं वागवते. गाणी असोत, खुर्च्या असोत की समोशांच्या बशा. कार्यक्रम किती आहेत ते मात्र सांगू नये. तीन ते दहा या संख्या मोजायच्या नामाच्या उलट लिंगाच्या होतात, आणि तो हिशेब रंगमंचावर करण्यासारखा नाही.

कोणी म्हणेल, ही तर चोरी झाली. शेवट गाळून बोलणं म्हणजे व्याकरण टाळणं. तसं नाही. थांबताना स्वर गाळणं हाच नियम आहे, कुरआनाच्या पठणातही तो पाळला जातो. उलट प्रत्येक विरामाआधी ‘मद्रसति’ असा पूर्ण स्वर ठणकावणारा वक्ता नियम मोडत असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थांबून सगळंच सुटत नाही. हे खरं आहे. ‘किती सुंदर ही रात्र!’ असं म्हणायचा मोह झाला, तर ‘मा अज्मल’ म्हणावं लागतं. ‘मा अज्मलु’ म्हटलं तर उद्गार जाऊन प्रश्न उरतो, ‘या रात्रीतलं सर्वांत सुंदर काय?’, आणि मागून कोणीतरी ‘जेवण’ असं प्रामाणिक उत्तर देईल. अरबी व्याकरणाचा आरंभ ज्याच्या नावावर सांगतात त्या अबुल्-अस्वद अद्-दुअली याच्याबद्दल परंपरेत हीच गोष्ट आहे. मुलीने आकाशाचं कौतुक करताना शेवट चुकवला, आणि बापाने ‘त्यातले तारे’ असं उत्तर दिलं. हा स्वर वाक्याच्या मध्यात बसतो, तिथे विराम पोहोचत नाही. म्हणून उद्गारवाचक वाक्यं समूळ वर्ज्य.

विराम पोहोचत नाही अशी आणखी एक जागा म्हणजे ‘नुरह्हिबु’तला ह. देवनागरीत एकच ह आहे, अरबीत दोन. स्वागताचा ह घशाच्या खोलातून येतो. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर वाफ सोडतात तसा, पण जरा आवळून. आपला साधा ह लावला तर क्रियापदच दुसरं होतं आणि त्याचा अर्थ ‘आम्ही घाबरवतो’. ‘मनापासून’ म्हणायला जाणाऱ्यांनीही सावध असावं: ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, आणि नुक्ता विसरला की कुत्रा. सराव कागदावर करू नये, कारण कागदावर दोन्ही ह सारखेच दिसतात. भाषण अरबी जाणणाऱ्या कोणाला तरी फोनवर म्हणून दाखवावं आणि त्याने काय ऐकलं ते विचारावं. तो हसला, तर ह पुन्हा घटवावा. ‘व अलैकुमुस्सलाम’ म्हणून तो पुढचं ऐकू लागला, तर मुलाला झोपू द्यावं.