दोन कोन चालतील, तिसरा नाही

बायपास झाल्यावर माणसाला जे कागद मिळतात, त्यात सगळ्यात धोकादायक कागद म्हणजे फिटनेसचा दाखला. माझ्या दाखल्यावर लिहिलं होतं, 'हलके काम करण्यास हरकत नाही.' मी सूतगिरणीच्या स्टोअरला आहे. आमच्याकडे हलकं काम म्हणजे पोतं एकट्यानं न उचलता दुसऱ्या बाजूनं धरणं!

म्हणून रुजू होण्याआधी मॅनेजरसाहेबांना पत्र लिहायचं ठरवलं. आमच्या हिनं पहिला मसुदा वाचला आणि म्हणाली, "अहो, हे रुजू होण्याचं पत्र आहे की सत्काराचं भाषण?" त्यात साहेबांचे ऋण दोन परिच्छेद होते आणि माझी छाती एका ओळीत. तिनं ऋण खोडले आणि छाती वाढवली.

मग मिरजेला डॉक्टरांना गाठून सगळं मापात विचारून घेतलं. छातीचं हाड मधोमध कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. वरची जखम लवकर सुकते, त्यामुळं माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. आत हाड पक्कं सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर चार किलोच्या वर उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही, हात डोक्यावर नेऊन जोर लावायचा नाही. खुर्चीतून उठायचं तेसुद्धा हातांवर भार न देता.

पण 'चार किलो' लिहून साहेबांना काय कळणार? गिरणीत किलोत कोण विचार करतो? सुताचा एक कोन दोन किलोच्या आतबाहेर. म्हणून पत्रात लिहिलं: 'एका वेळी दोन कोन उचलीन, तिसरा नाही. पोत्याला कोणत्याही बाजूनं हात लावणार नाही. हातगाडी ढकलणार नाही. शिडीवर चढणार नाही. वरच्या फळीवरचं बेअरिंग हेल्पर काढेल, नोंद मी करीन. मोटारसायकल डॉक्टर सांगेपर्यंत बंद.' पुढं जे काम करीन तेही लिहिलं: आवक-जावक, इंडेंट, स्टॉक रजिस्टर. नुसती नकारांची यादी वाचून कुठलाही साहेब विचारणारच, मग येताय कशाला?

वेळेचं असं मांडलं: पहिले दोन आठवडे दहा ते दोन, पुढचे दोन आठवडे दहा ते चार, मग पूर्ण दिवस. रात्रपाळी आणि उचलाउचली मात्र तीन महिन्यांची तपासणी होईपर्यंत नाही. प्रत्येक टप्प्याला तारीख घातली, कारण तारीख नसलेली सवलत साहेबांना कायमची वाटते आणि सहकाऱ्यांना त्याहून जास्त.

खरा पेच पैशाचा होता. ईएसआयचा आजारपणाचा भत्ता सरासरी मजुरीच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. पण ज्या दिवशी कामावर गेलात, त्या दिवसाचा भत्ता नाही. अर्धा दिवस गेलात तरी नाही! म्हणजे घरी लोळून सत्तर आणि अर्धा दिवस राबून पन्नास. हा हिशेब मी हिला सांगितला, तर ती म्हणाली, "वीस टक्के जास्त द्यायला लागले तरी चालतील, पण तुम्ही कामावर जावा." शेवटी पत्रात लिहिलं, की उरलेला अर्धा दिवस माझ्या शिल्लक रजेतून वळता करावा. ही ओळ राहून गेली असती, तर पगाराच्या दिवशी छातीत वेगळीच कळ आली असती.

एक परिच्छेद साहेबांना नको होता, तरी मी ठेवला. हालचाल करताना छातीत कट्कन वाजलं, जखमेतून पाणी आलं, ताप भरला किंवा दम लागायला लागला, तर मी त्याच क्षणी काम थांबवून डॉक्टरांना फोन करीन. "मग आम्ही काय करायचं?" असं साहेबांनी विचारलं. "मला पाणी आणि गाडी द्यायची, सल्ला नको," म्हटलं. सल्ल्याचा साठा आमच्याकडे भरपूर होता. शाहू महाराजांनी वसवलेल्या आमच्या गावाच्या गल्ल्या सरळ आणि नंबरवार. रोजचं फिरणं मी गल्ल्यांवर मोजायचो, आणि दर गल्लीच्या तोंडाला एक जण तरी लसणाची पाकळी सुचवायचाच.

साहेबांनी पत्र मंजूर केलं, प्रती टाइम ऑफिसला आणि शिफ्टच्या जॉबरला दिल्या. जॉबरनं ते इतकं मनावर घेतलं, की पहिल्याच दिवशी माझी पिशवी स्टोअरच्या वजनकाट्यावर ठेवली. डबा, पाण्याची बाटली, गोळ्यांची पेटी आणि खोकताना छातीशी धरायची उशी.

"चार किलो दोनशे," तो म्हणाला. "काका, एक भाकरी इथंच खावा."