काम संपवणारे नाना

काम सुरू करणारी माणसं सोसायटीत पैशाला पासरी. नारळ फोडायला तर अख्खी इमारत खाली उतरते. काम संपवणारा माणूस मात्र दुर्मीळ, आणि तो कोणाला फारसा आवडतही नाही. आमच्या इमारतीच्या दुरुस्तीवर सल्लागारांनी पाठवलेले नाना हे त्या जातीतले. बांधकाम खात्यातून निवृत्त, खिशाला दोन पेनं, कमरेला टेप, हातात छोटी हातोडी. परांची उतरली, रंग वाळला, ठेकेदाराने पेढे वाटले, सेक्रेटरी ‘सुटलो बुवा’ म्हणाले, आणि त्याच दुपारी नाना आले. पेढा तोंडात टाकत म्हणाले, “चला, आता कामाला लागू.”

ते भिंतींवर हातोडी वाजवत निघाले. आवाज भरीव आला की पुढे. बद्द आला की आत प्लास्टरने भिंत सोडलीय, तिथे खडूने गोल. नव्या रंगावर पांढरे गोल उमटू लागले तसा ठेकेदाराचा चेहरा उतरू लागला.

पण नानांचा खरा रंग चढला तो हिशेबात. निविदा ४८ लाखांची, अंतिम बिल ५१ लाख ६० हजारांचं. “लुटलं!” असं सेक्रेटरी म्हणाले. नानांनी जास्त-कमीचा तक्ता मांडला. पॉलिमर मॉर्टर १८०० चौरस फूट धरलं होतं, खांब फोडल्यावर सळ्या गंजलेल्या निघाल्या आणि २६५० लागलं. २४० रुपये दराने २ लाख ४ हजार वाढले. हे आधी कळणं शक्य नव्हतं. प्लास्टर अंदाजापेक्षा कमी लागलं, तिथे ८८ हजार वाचले. सहा छज्जे निविदेत नव्हतेच, त्यांचे २७ हजार. बेरीज ४९ लाख ४३ हजार.

“मग वरचे २ लाख १७ हजार?” सेक्रेटरी.

नानांनी मोजमाप पुस्तिकेची दोन पानं शेजारी शेजारी धरली. मागच्या जिन्याची भिंत दुसऱ्या बिलात होती आणि चौथ्यातही होती. प्लास्टर दोनदा, रंग दोनदा. ठेकेदार म्हणाला, “टायपिंग मिस्टेक, साहेब.” पुस्तिका हाताने लिहिलेली होती.

आता सेक्रेटरींना चेव आला. म्हणाले, न्हाणीघराच्या खिडक्यांना कुठे प्लास्टर असतं? त्याही वजा करा! नाना लगेच ठेकेदाराच्या बाजूला गेले. “आयएस १२०० वाचा. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही. कडा आणि उंबरा करायला गवंड्याचा जीव जातो, त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत, ते त्यात आले.” अशा माणसाला कोणत्याच पार्टीत घेत नाहीत.

शिल्लक कामांच्या पानावर तर ‘किरकोळ कामे बाकी’ हे शब्द त्यांनी स्वतःच्याच सहायकाच्या मसुद्यातून खोडले. काय, कुठे, कोण करणार, कधीपर्यंत, आणि तोवर किती पैसे अडवायचे, एवढं नसेल तर ते काम बाकी नाही, बुडालेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून पाहिलं होतं, तरी शेरा पडला: ‘पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी.’

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बाहेरच्या भिंतीची ओल दाखवली. “नवं प्लास्टर गळतंय!” नानांनी विचारलं, “काकू, एप्रिलात पाऊस कुठला?” मग वरच्या घरातली मोरी चार दिवस वापरू दिली नाही. वरच्यांनी शेजाऱ्यांकडे अंघोळी केल्या, सगळ्या जिन्याला त्यांचे टॉवेल पाठ झाले, आणि ओल सुकत गेली. दोष नहाणीच्या सांध्यात. बाब ठेकेदाराच्या यादीतून गेली आणि वरच्या घरमालकांच्या नावावर चढली. तेव्हापासून वरचे नानांना लिफ्टमध्ये घेत नाहीत.

असं ऐकतो की मुलीच्या लग्नानंतरही नानांनी केटररला ताटं मोजून दिल्याचा कागद मागितला होता, आणि शिल्लक बाबींत ‘व्याह्यांचा रुसवा, जबाबदारी: सौ.’ अशी नोंद केली होती. सौ. नी सही केली नाही म्हणे.

सह्यांच्या दिवशी सेक्रेटरींनी ‘सर्वसाधारण सभेच्या मंजुरीस अधीन राहून, चूकभूल द्यावी घ्यावी’ असं लिहायला पेन उचललं. नानांनी कागद ओढून घेतला. “सभेचा ठराव जोडलाय, पान सात. नुसती सही करा.” सेक्रेटरींनी केली. ठेकेदारानेही झटक्यात केली, पाच टक्के अनामत, म्हणजे २ लाख ४७ हजार १५० रुपये, दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं, हात जोडले आणि तो निघालासुद्धा.

नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद पाहिला आणि गॅलरीत धावले.

“अहो, परत या! तारीख जानेवारीची घातलीत! गच्चीचं काम मार्चात झालंय. मुदत मोजायला कुठून लागू मी?”

खालून आवाज आला, “टायपिंग मिस्टेक, साहेब!”