ठाकुर्ली येथे थांबणार नाही

आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. लेक यंदा दहावीला. तिच्या डोंबिवलीच्या क्लासचं म्हणणं असं, की अपठित उतारा आला की आधी कृती वाचायच्या, मग उतारा. माझे सासरे ठाण्याचे, मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं बरोबर उलटं. "पाहुणा दारात आला की आधी 'या, बसा' म्हणतात. पिशवीत काय आणलंय ते विचारत नाहीत."

प्रकरण तसं चार गुणांचं. कुमारभारतीच्या ऐंशी गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला एवढेच मिळतात. तीन तास ऐंशी गुणांत वाटले तर गुणाला सव्वादोन मिनिटं पडतात, म्हणजे उताऱ्याच्या वाट्याला नऊ. पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी हातात मिळायचा, तेव्हा काय आधी वाचायचं हा फुरसतीचा प्रश्न होता. २०२३ पासून ती दहा मिनिटं शेवटाला गेली आणि वाद पेटला.

परवाच्या रविवारी जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी स्वतःच एक छोटा उतारा लिहिला. '१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंतच आली. चौदा डब्यांना तीन इंजिनं जोडली होती. कल्याणकरांना मात्र गाडीसाठी पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं.' खाली प्रश्न: कल्याणला रेल्वे कोणत्या वर्षी पोचली?

लेकीने क्लासच्या पद्धतीने आधी प्रश्न वाचला. 'वर्ष' हा शब्द डोक्यात ठेवून उताऱ्यावरून नजर फिरवली. वर्ष एकच लिहिलेलं. दहा सेकंदांत १८५३ लिहून मोकळी.

"चूक," आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला, जणू कल्याणचा मार्ग त्यांनीच टाकलाय. "१८५४ उताऱ्यात लिहिलेलंच नाही. ते समजून घ्यायचंय. तू उतारा वाचला नाहीस, उताऱ्यात किल्ली शोधलीस."

लेक हरणारी नव्हे. तिने सरावसंचातला शंभरेक शब्दांचा उतारा आजोबांपुढे ठेवला आणि मोबाईलवर वेळ लावली. आजोबांनी चष्मा पुसला. उतारा सुरुवातीपासून, चवीने वाचला. दुसऱ्या ओळीतल्या 'च्या माध्यमातून'वर पेन्सिलने फुली मारली. चौथ्या ओळीवरून त्यांना त्यांच्या लहानपणीचा मासुंदा तलाव आठवला, तो आम्हालाही ऐकावा लागला. सहाव्या मिनिटाला त्यांनी कृती वाचल्या, आणि सातव्या मिनिटाला पुन्हा पहिल्या ओळीपासून उतारा सुरू केला. काय विचारणार हे ठाऊक नसल्याने लक्षात काय ठेवायचं तेच त्यांना कळलं नव्हतं. नऊ मिनिटं संपली तेव्हा चौकटी रिकाम्याच होत्या.

मग लेकीनेच तोड काढली. आधी कृतींवर अर्धं मिनिट, तेही फक्त काय मागितलंय त्यासाठी: वर्ष, कारण, की ठिकाण? त्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ. मग कृती विसरून उतारा एका दमात, शेवटापर्यंत. शंभर शब्दांना मिनिटभर लागतं. ते वाचवून मिळायचं काय? त्यानंतर प्रत्येक उत्तरासाठी परत त्या जागी जायचं आणि मागचं-पुढचं वाक्यही बघायचं, कारण 'मात्र', 'नाही', 'वगळता' ही मंडळी तिथेच दबा धरून असतात. 'उत्तर ठाणे येईल असा प्रश्न तयार करा' अशी कृती असली तर ती आधी वाचून फारसा फायदा नाही, ती उतारा झाल्यावरच घ्यायची. बँकेच्या परीक्षेतल्या लांबलचक उताऱ्यांचं गणित वेगळं, पण ते पाच वर्षं तरी आमच्या घरी येणार नाही.

मला हे सगळं पटलं. पटणं आणि अंगी बाणणं यांत किती अंतर असतं, ते मंगळवारी कळलं. संध्याकाळी ठाणे स्टेशन, गर्दी नेहमीची. मनात प्रश्न एकच: ठाकुर्लीला जाणारी कुठली? फलाटावर गाडी शिरत होती आणि घोषणा चालू होती. गोंगाटात 'ठाकुर्ली' हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. मी उडी मारली. डोंबिवली सुटल्यावर दाराशी येऊन उभा राहिलो, आणि ठाकुर्लीचा फलाट माझ्या नाकासमोरून, अजिबात वेग कमी न करता, मागे गेला. घोषणा अशी होती म्हणे: ही जलद लोकल कळवा, मुंब्रा, कोपर, ठाकुर्ली या स्थानकांवर थांबणार नाही.

कल्याणला उतरून घरी फोन केला.

"बाबा, तू फक्त प्रश्न वाचलास ना?" लेक म्हणाली.

आता चूक करायची नाही, असं ठरवून मी जिन्याजवळ उभा राहिलो आणि परतीच्या धीम्या गाडीची घोषणा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकली. मराठीत ऐकली, हिंदीत ऐकली. कुठे कुठे थांबणार, कुठल्या फलाटावर येणार, सगळं मनात नीट लावून घेतलं. इंग्रजीत सुरू झाली तेव्हा पलीकडच्या फलाटावरून ती सुटत होती.