कन्सोल, पण कुठल्या सालचा?

‘कन्सोल दर्जाचं गेमिंग’ असं फोनच्या खोक्यावर छापायला परवाना लागत नाही, म्हणून ते सगळेच छापतात. दुकानदाराला एवढंच विचारा : कन्सोल कुठला आणि कुठल्या सालचा?

प्रश्न खवचट आहे, पण सगळी मेख त्यातच आहे. ‘एलियन : आयसोलेशन’ हा भयपट-गेम २०१४ साली प्लेस्टेशन ३ वरही आला होता. त्या यंत्राची मेमरी होती प्रोसेसरला २५६ एमबी आणि ग्राफिक्सला २५६ एमबी. डिसेंबर २०२१ मध्ये हाच गेम ‘फेरल इंटरॲक्टिव्ह’ने अँड्रॉइड आणि आयफोनवर आणला. कुठल्या सर्व्हरवरून चित्र पाठवायचं नाही, सगळा हिशोब फोनच्याच चिपवर. आणि तो व्यवस्थित चालतो. मग कन्सोलचा गेम फोनवर चालतो का? चालतो की. सात वर्षं थांबा, म्हणजे चालतो.

‘ताजा माल हवा’ म्हणणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो आला. त्यावर ‘रेसिडेंट इव्हिल व्हिलेज’ खरोखरच उतरला. पण हा गेम २०२१ मध्ये पीएस-५ सोबत जुन्या पीएस-४ वरही निघाला होता, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. शिवाय फोन चित्र मुळात कमी रिझोल्युशनवर काढतो आणि ‘मेटलएफएक्स’ने ते ताणून मोठं करतो. सहा इंची पडद्यावर ते खपून जातं. टीव्हीला जोडलं की ताणलेलं दिसतं.

गंमत त्याच वर्षीच्या भावंडांची. आयफोन १५ आणि १५ प्लसवर हा गेम नाही. प्लसचा पडदा प्रोपेक्षा मोठा, पण आत आदल्या वर्षीची चिप आणि ६ जीबी मेमरी. प्रोमध्ये नवी चिप आणि ८ जीबी. या ८ जीबीतूनच आधी सिस्टिम आपला वाटा उचलते. उरलेल्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी एकाच ताटात जेवायचं, आणि एका अ‍ॅपने किती खायचं यालाही मर्यादा. जास्त मागायचं तर गेम बनवणाऱ्याला तशी खास परवानगी अ‍ॅपमध्ये घालावी लागते. पीएस-५ ची मेमरीही सामायिकच, पण ती १६ जीबी. शिवाय तिथे मागे व्हॉट्सअ‍ॅप बसलेलं नसतं.

इथे आपले अँड्रॉइडवाले पुढे सरसावतात : ‘आमच्यात १६ जीबी आहे!’ खोक्यावरचा बारीक टाइप वाचा. बहुतेकदा तिथे ८ अधिक ८ असतं. दुसरे आठ म्हणजे स्टोरेजचाच तुकडा, रॅमचा मुखवटा घातलेला. मागे पडलेली अ‍ॅप तिथे सरकवून ठेवायला तो बरा. पण चालू गेमला टेक्स्चर या क्षणाला हवं असतं आणि स्टोरेजचा वेग रॅमच्या आसपासही जात नाही. गेमसाठी मोजायचे ते पहिले आठच.

आता जागा. ‘आयसोलेशन’ला ११ जीबी मोकळी लागते, पण फेरलचाच सल्ला आहे की इन्स्टॉल करताना निदान २२ जीबी ठेवा. कारण साधं आहे : उतरलेलं गाठोडं आणि त्यातून सोडलेला माल, काही काळ दोन्ही एकाच घरात असतात. म्हणजे ‘१५ जीबी मोकळी आहे, गेम ११ चा, चला’ असं म्हणणारा इन्स्टॉल अर्धवट अडकल्यावर वायफायला शिव्या देतो. १२८ जीबीचा फोन घेऊन त्यात सिस्टिम, लग्नाचे व्हिडिओ आणि रोजच्या ‘शुभ सकाळ’चा साठा सांभाळणाऱ्याने असे दोन-तीन गेम ठेवायचे, तर कुणाला तरी घराबाहेर काढावंच लागेल.

हिशोब रुपयांतही करून ठेवावा. १२८ जीबीचा आयफोन १५ प्रो भारतात आला तेव्हा १,३४,९०० रुपयांचा होता. पीएस-५ तेव्हा ५४,९९० ला मिळत होता. दोन पीएस-५ घेऊन वर चोवीस हजार नऊशे वीस रुपये हातात. अर्थात दोन पीएस-५ वरून आईला फोन लावता येत नाही, हे मान्य.

एवढं करून गेम खेळताना दगा देतोच. त्यातही तऱ्हा आहेत. पंधरा-वीस मिनिटांनी पाठ तापली आणि चित्र अडखळू लागलं, तर उष्णता. चिप स्वतःचा वेग उतरवते. फोनला पंखा नसतो आणि जाड कव्हर काढायला आपलं मन धजत नाही. पण काही सूचना न देता गेम थेट होम स्क्रीनवर आपटला, तर संशय मेमरीवर घ्यावा. आयफोनवर सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागात अ‍ॅनालिटिक्सचा डेटा असतो. तिथे त्याच वेळेची `JetsamEvent` ने सुरू होणारी फाइल सापडली, तर ती उघडून `largestProcess` समोर कुणाचं नाव आहे ते पाहा. गेमचं असेल, तर त्या वेळी सगळ्यात जास्त मेमरी गेमच खात होता. मागची अ‍ॅप बंद करून, फोन रीस्टार्ट करून, ग्राफिक्स एक पायरी खाली आणून पाहावं. तरीही पडला, तर दुकानदाराचा दोष नाही. त्याने साल सांगितलंच नव्हतं.