राजीनाम्यानंतरचं माहेरपण

राजीनाम्याचा मेल गेला आणि दुपारी साहेबांनी चक्क विचारलं, "जेवलास का रे?" एरवी हा माणूस माझं नाव फक्त 'अर्जंट' या शब्दानंतर घ्यायचा. संध्याकाळी एचआरच्या मॅडमनी कॉफी मागवली, तीही बाहेरची. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात राजीनामा दिलेल्याचे लाड माहेरवाशिणीसारखे होतात. ओटी मात्र काउंटरऑफरने भरतात.

ओटी भरगच्च होती. माझं पॅकेज 14 लाखांचं, नव्या कंपनीचं 18, आणि ही मंडळी म्हणाली, 19! "उद्या सकाळपर्यंत सांग." गेल्या अप्रेझलला हेच साहेब 'बजेटच नाही रे' म्हणत जवळजवळ रडले होते. बजेट एका रात्रीत कुठून उगवलं, हे मी विचारलं नाही. उगाच कुणाला अडचणीत कशाला टाका? एवढंच म्हणालो, "सर, आकड्याची फोड करून लेखी द्या. सोमवारी सांगतो."

पत्र आलं. आमच्या अकाउंट्समधल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून त्यावर पेन्सिल चालवली. 19 पैकी 2 लाख रिटेन्शन बोनस. तो वर्षभर थांबल्यावर मिळणार आणि पुढच्या वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. आणखी 2 लाख व्हेरिएबल, म्हणजे कंपनीला वाटलं तर. उरले 15.

"म्हणजे पगार वाढला वर्षाला लाखभर," काका म्हणाले. "महिन्याला आठ हजार तीनशे, त्यातून टॅक्स जायचाय."

नव्या कंपनीचे 18 सगळे फिक्स्ड होते, म्हणजे महिन्याला तेहतीस हजारांची वाढ.

"व्हेरिएबल गेल्या वर्षी किती मिळालं लोकांना?" मी विचारलं. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कॉम्प्युटरकडे वळले.

काउंटरऑफर कधीच घेऊ नये असं छातीठोक सांगणारे मला पटत नाहीत. अडचण फक्त पैशांची असती आणि फिक्स्डमध्येच 18 दिले असते, तर मी थांबलोही असतो. पण मी निघालो होतो शनिवारी रात्रीच्या रिलीजना कंटाळून. म्हणून साहेबांना विचारलं, "रिलीजला दुसरा माणूस कधी देताय?"

"पुढच्या क्वार्टरला बघू."

"पत्रात तेवढी एक ओळ टाकता?"

"असं लेखी नसतं रे. विश्वास असतो."

बोनसच्या वसुलीचं कलम मात्र लेखी होतं, तिथे विश्वासावर कुणी भागवलं नव्हतं. सोमवारी मी चार ओळींचा मेल लिहिला: आभार, निर्णय कायम, शेवटची तारीख आणि काम कुणाकडे सोपवायचं. खाली एकही तक्रार जोडली नाही, कारण रिलीव्हिंग लेटर याच लोकांकडून घ्यायचं होतं.

तुमच्यावर ही वेळ आली, तर कॉफी जरूर प्या. पण पत्र हातात पडून त्याची फोड होईपर्यंत नव्या कंपनीला नकार कळवू नका. नोटीस पिरियड बहुतेकदा बराच मोठा असतो, साहेबांना 'उद्या सकाळ'ची घाई असली तरी तुम्हाला नाही.